नव्या मॅनेजरचा पहिला आठवडा: टीमसमोर ओळख करून देताना काय बोलायचं, काय टाळायचं



व्हिडिओमध्ये आपण पहिला मॅनेजर कधी नेमायचा ते पाहिलं. आज त्याच्या पुढची पायरी. माणूस निवडला, पगार ठरला, सोमवारी रुजू होणार. आता त्या सोमवारी नेमकं काय होणार?

बहुतेक छोट्या युनिटमध्ये असं होतं: मालक सगळ्यांना बोलावतात, "या आपल्या नवीन मॅडम, आजपासून सगळं या बघतील" एवढं म्हणतात, आणि फोन आला म्हणून निघून जातात. मॅडम दोन वाक्यं बोलतात, चहा होतो आणि सगळे कामाला लागतात. "सगळं" म्हणजे काय, हे ना टीमला कळलेलं असतं, ना मॅडमना. नव्याचे नऊ दिवस संपेपर्यंत लोक गोड बोलतात आणि मग पुन्हा पहिल्यासारखे मालकालाच फोन करू लागतात. पगार मॅनेजरचा जातो, काम मात्र मालकच करतो.

समजायला सोपं जावं म्हणून एक युनिट डोळ्यासमोर आणू. कोल्हापूरकडचं कांदा-लसूण मसाल्याचं युनिट. मालकांना सगळे "दादा" म्हणतात. हाताखाली १२ माणसं: भाजणीला आणि दळणाला मिळून तिघं, पॅकिंगला सहा बायका, हिशेबाला एक मुलगी, एक टेम्पोवाला आणि एक दुकानांच्या ऑर्डरी घेणारा. भाजणीवरचे काका ११ वर्षं दादांसोबत आहेत. नव्या मॅडम २९ वर्षांच्या, आधी एका मोठ्या खाद्यपदार्थ कंपनीत कामाला होत्या. मिरचीचा हंगाम तोंडावर आलाय. उन्हाळ्यात वर्षभराचा मसाला करायची पद्धत असल्यामुळे ऑर्डरी वाढणार, म्हणून दादांनी त्यांना घेतलंय.

आधी मालकाचं काम: अधिकार आकड्यांत सांगा

मॅनेजरची ओळख तिच्या भाषणाने सुरू होत नाही, मालकाच्या तीन-चार वाक्यांनी सुरू होते. कोणते निर्णय तिचे आणि कोणते मालकाचे, हे टीमसमोर मालकाच्या तोंडूनच यायला हवं. तिने स्वतः सांगितलं तर ते "आल्या आल्या हुकूम" वाटतं.

आदल्या आठवड्यात दोघांनी बसून एका कागदावर यादी करायची. आपल्या युनिटमध्ये ती अशी असेल: रजा मॅडम मंजूर करतील. उचल २,००० रुपयांपर्यंत मॅडम देतील, त्यावरची दादांना विचारून. दुरुस्ती आणि किरकोळ खरेदी ३,००० रुपयांपर्यंत मॅडमच्या सहीने. रोज कोणता माल आधी पॅक करायचा ते मॅडम ठरवतील. मिरचीची खरेदी, मसाल्याचं प्रमाण, नवीन माणूस घेणं किंवा काढणं आणि पगारवाढ, हे दादांकडेच राहील.

आकडे तुमच्या धंद्याप्रमाणे बदला, पण आकडा ठेवा. "छोटे खर्च त्या बघतील" असं सांगितलं की ५०० रुपयांच्या खर्चालाही लोक दादांकडे जातात, कारण छोटा म्हणजे किती हे कुणालाच माहीत नसतं.

अजून एक गोष्ट सोमवारच्या आधी करायची. काकांना ही बातमी घोळक्यात कळता कामा नये. दादांनी दोन दिवस आधी त्यांना बाजूला घेऊन सांगायचं: मॅडम कशासाठी येताहेत, भाजणीचं काम तुमच्याकडेच राहणार आहे, आणि पहिले काही दिवस त्यांना युनिट तुम्हीच दाखवायचं आहे. ११ वर्षांच्या माणसाला पहिल्या दिवशी मान मिळाला नाही, तर तो उघड विरोध करणार नाही. तो फक्त गप्प बसेल, आणि त्याला जे माहीत आहे ते मॅडमपर्यंत पोचणारच नाही.

पहिली पंधरा मिनिटं

वेळ सकाळची, मशीन सुरू व्हायच्या आधीची. संध्याकाळी ठेवू नका, पॅकिंगच्या बायकांना एसटी गाठायची असते, अर्धं लक्ष घड्याळाकडे राहतं. सगळे उभे असतील तर मॅडमही उभ्या, सगळे बसले असतील तर त्याही बसलेल्या. टेबलामागून बोलायचं नाही.

त्या साधारण असं बोलू शकतात:

"नमस्कार. दादांनी माझी ओळख करून दिलीच आहे. मी सहा वर्षं पॅकिंग आणि माल रवाना करण्याच्या कामात होते. मसाल्याची भाजणी मला येत नाही, ती मी काकांकडून समजून घेणार आहे.

मी कशासाठी आलेय ते सांगते. हंगामात ऑर्डरी वाढतील. माल वेळेवर बाहेर पडावा आणि त्यासाठी तुम्हाला रात्री उशिरापर्यंत थांबायला लागू नये, हे माझं काम आहे.

या आठवड्यात मी कामाची कुठलीही पद्धत बदलणार नाही. तुमच्या वेळा, तुमच्या जागा, सगळं आहे तसंच राहील. गुरुवारपर्यंत मी प्रत्येकाशी पंधरा मिनिटं बोलणार आहे. कुणाची चौकशी म्हणून नाही, काम समजून घ्यायला.

माझी पद्धत तीन वाक्यांत सांगते. रोज सकाळी पावणेदहाला फळ्यावर त्या दिवसाचा माल लिहिलेला असेल. तो मध्येच बदलला तर मी स्वतः येऊन सांगेन. चूक झाली तर लगेच सांगा. लगेच सांगितलेल्या चुकीवर आपण उपाय शोधू, लपवलेली चूक मात्र मला चालणार नाही. आणि कुणाला काही बोलायचं असेल तर चार चौघांत नाही, बाजूला बोलेन.

शनिवारी दुपारी दहा मिनिटं पुन्हा जमू. तुमच्याकडून काय ऐकलं आणि पहिल्यांदा काय हातात घेणार, ते तेव्हा सांगते. आता काही विचारायचं असेल तर विचारा."

एवढंच. मोठ्याने वाचलं तर तीन मिनिटंही लागत नाहीत. उरलेला वेळ प्रश्नांना आणि चहाला.

आता यात काय आहे ते बघा. नवीन माणूस आला की प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो: माझं काय होणार? माझी वेळ बदलणार का, जागा बदलणार का, कुणाला काढणार का? "या आठवड्यात काहीही बदलणार नाही" हे वाक्य त्या प्रश्नाचं उत्तर आहे. ते ऐकल्याशिवाय पुढचं काहीच कानात शिरत नाही.

"भाजणी मला येत नाही" हे वाक्यही मुद्दाम ठेवलंय. टीमला दोन तासांत ते कळणारच आहे. आधीच सांगितलं तर तो प्रामाणिकपणा, नंतर उघडं पडलं तर हसू. पण त्याच्या आधी आपल्याला काय येतं तेही सांगायचं, नाहीतर लोक म्हणतील, मग आलात कशाला?

कामाची पद्धत सांगताना मात्र सर्वात जास्त घोळ होतो. "मी शिस्तप्रिय आहे, पण मनमोकळी आहे" असं लोक बोलतात. हे खरं की खोटं, टीमने कसं ओळखायचं? त्याऐवजी उद्या सकाळी तपासता येईल असं वाक्य द्या. पावणेदहाला फळ्यावर लिहिलेलं असेल, हे मंगळवारी दिसतं. लिहिलेलं असलं की मॅडमच्या शब्दाला किंमत येते. मंगळवारी फळा कोरा असला तर बाकीची दोन वाक्यंही गेली. म्हणून अशी वाक्यं तीनच द्या, आणि तीनही पाळता येतील अशीच.

काय बोलायचं नाही

"आमच्या आधीच्या कंपनीत असं होतं." पहिल्या आठवड्यात हे वाक्य एकदाही नको. ऐकणाऱ्याला ते "तुम्ही अडाणी" असं ऐकू येतं.

"आपण सगळे एक कुटुंब आहोत." ही माणसं दादांना वर्षानुवर्षं ओळखतात. काल आलेल्या व्यक्तीने कुटुंब म्हणणं उपरं वाटतं. शिवाय जादा तास थांबवायच्या वेळी हेच वाक्य बऱ्याच ठिकाणी वापरलं जातं, हे कामगारांना पक्कं ठाऊक असतं.

आणि आपल्या हातात नाही त्याचं वचन. प्रश्नांच्या वेळी कुणीतरी विचारणारच, "मॅडम, पगार वाढणार का?" पगारवाढ दादांच्या यादीत आहे. "बघू, होईल काहीतरी" म्हणालात तर ऐकणारा "होईल" एवढंच घरी नेतो. त्यापेक्षा: "तो निर्णय दादांचा आहे. मी त्यांच्याशी बोलून या महिन्याच्या ३० तारखेपर्यंत हो, नाही किंवा कधी, हे तुम्हाला येऊन सांगते." उत्तर नाही आलं तरी चालेल, पण तारखेला ते आलं पाहिजे.

हाक मारण्याचंही ठरवून टाका. सगळ्यांना "तुम्ही", अगदी विशीतल्या पोरालाही. वयाने मोठ्यांना टीम ज्या नावाने हाक मारते त्याच नावाने, म्हणजे काका, मावशी. स्वतःला मॅडम म्हणा की ताई म्हणा, याचा आग्रह धरू नका. लोक आपोआप ठरवतात.

मंगळवार ते गुरुवार: पंधरा मिनिटांच्या गप्पा

१२ माणसं, रोज चार, प्रत्येकी पंधरा मिनिटं. दिवसाला एक तास जातो. ऑफिसात बोलावू नका. जिथे माणूस काम करतो तिथेच, काम हळू असतं त्या वेळी. काकांपासून सुरुवात करा.

प्रश्न सगळ्यांना तेच तीन. एक, तुमचं काम कुठे अडतं? दोन, कुठली गोष्ट आहे तशीच ठेवावी, बदलू नये? तीन, आधी सांगूनही झालं नाही असं काही आहे का?

तिसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. पहिल्याला लोक "काही नाही, सगळं बरं आहे" म्हणतात. तिसऱ्याला मात्र आठवतंच. दुसरा प्रश्नही गाळू नका. जे चांगलं चाललंय ते नवीन माणसाच्या हातून अजाणता मोडतं, ते त्याने वाचतं.

वहीत लिहिताना नावासमोर तक्रार लिहू नका. विषय लिहा आणि त्यापुढे रेघा मारा. वही टेबलावर राहिली आणि कुणी वाचली, तर कोण काय बोललं ते बाहेर जाता कामा नये.

आपल्या युनिटमध्ये गुरुवारी संध्याकाळी वही अशी दिसते असं समजा. उचल कधी मिळते, कधी नाही, त्याचा नियम कळत नाही: सात रेघा. पाकिटं सील करायच्या बँड सीलरचा टेफ्लॉन पट्टा झिजलाय, सील नीट बसत नाही: पाच रेघा. पॅकिंग चालू असताना दादांचा फोन येतो, १०० ग्रॅम थांबवून आधी अर्ध्या किलोचं घ्या म्हणतात, आणि मांडामांडीत वेळ जातो: सहा रेघा. पंखा हवा: तीन. भाजणीच्या वेळेत कुणी घाई करू नये: दोन, पण त्यातले एक काका आहेत.

पहिली प्राधान्यं कशी निवडायची

आता मोह होतो तो सगळं एकदम हातात घ्यायचा. तसं करू नका. पहिल्या महिन्यासाठी तीनच.

पहिलं असं, की जे आठवड्याच्या आत, आपल्या अधिकारात होईल आणि ज्याचा फायदा टीमला हाताला लागेल. इथे ते म्हणजे सीलरचा पट्टा. खर्च ३,००० च्या आत बसतो, दादांना विचारावंही लागत नाही. गंमत बघा, दादांनी नेमणुकीच्या वेळी मॅडमना सांगितलं होतं की दुकानांतून फुटकी पाकिटं परत येतात, पॅकिंगला लक्ष नसतं. पॅकिंगवाल्या सांगतात की पट्टा झिजलाय. एकाच गोष्टीच्या या दोन बाजू असू शकतात. पण पट्टा बदलला म्हणजे परतीचा माल थांबलाच, असं धरून चालू नका. बदलल्याच्या दिवसापासून परत आलेली पाकिटं मोजा, आणि सील उघडलंय की पाकीट दुसरीकडे फाटलंय ते वेगळं लिहा. फाटलेलीच जास्त निघाली तर दोष टेम्पोतल्या रचण्यात किंवा पाकिटाच्या कागदात आहे.

दुसरं प्राधान्य, ज्याने रोजचा गोंधळ कमी होईल. ते म्हणजे फळा. दुसऱ्या दिवशीचा माल आदल्या संध्याकाळी पाचपर्यंत दादांकडून पक्का करून घ्यायचा. पाचनंतर आलेली तातडीची ऑर्डर दिवसात एकच घ्यायची, आणि तीही दुपारच्या जेवणानंतर, म्हणजे मांडणी एकदाच बदलेल. यात बदलायचं आहे ते दादांना, टीमला नाही. म्हणून ही गोष्ट शनिवारी टीमसमोर सांगण्याआधी शुक्रवारी दादांशी एकट्याने बोलून घ्यायची.

तिसरं, उचल. सात जणांनी सांगितलंय म्हणजे हे पैशाचं कमी आणि न्यायाचं दुखणं जास्त आहे. एकाला मिळाली, दुसऱ्याला नाही, का ते माहीत नाही. साधा नियम: मागणी सोमवारी, वहीत लिहून, उत्तर मंगळवारी, कपात किती हप्त्यांत ते त्याच ओळीत आणि दोघांच्या सह्या. सोबत पगाराची तारीखही पक्की करा. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत देणं कायद्यानेही बंधनकारक आहे. पगार रखडला की उचलीची मागणी वाढणारच.

पंखा चौथा आहे. तो नाकारलेला नाही, फक्त पुढच्या महिन्यात आहे, आणि हेही शनिवारी सांगायचं. भाजणीला मात्र हात लावायचा नाही.

शनिवारी दहा मिनिटांत एवढंच: तुम्ही हे सांगितलंत, त्यातलं हे तीन मी घेतेय, या तारखेला होईल, पंखा पुढच्या महिन्यात, आणि भाजणीची पद्धत आहे तीच राहील. पट्टा तोपर्यंत बसलेला असला तर वेगळं काही बोलायलाच नको.

जमतंय की नाही, कसं ओळखाल?

मालक म्हणून तुम्ही दुसऱ्या आठवड्यात एकच गोष्ट मोजा: मॅनेजरच्या यादीतल्या कामासाठी थेट तुम्हाला किती फोन आले? रजेसाठी फोन आला तर उत्तर एकच, "मॅडमशी बोललात का?" आणि फोन ठेवायचा. आवाज चढवायचा नाही, पण रजाही द्यायची नाही. दोनदा तुम्ही परस्पर रजा दिलीत की तिसऱ्या वेळेपासून मॅडमना कुणी विचारणार नाही. मग दोष तिच्या स्वभावाला देऊ नका.

मॅडमनी स्वतः लक्ष ठेवायचं ते "हो मॅडम" वर. सगळं हो आणि प्रश्न एकही नाही, हे चांगलं लक्षण नाही. कुणीतरी "मॅडम, असं केलं तर पाकिटं गरम असताना चिकटतील" असं अडवू लागलं की समजायचं, माणसं मोकळी झाली. चूक झाल्यावर ती त्याच दिवशी कळली की दुकानदाराकडून कळली, हेही बघत राहा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. काही दारं मालकाने बंद करायची नसतात. मॅनेजरविरुद्धच तक्रार असेल, चोरीचा संशय असेल, पगार अडला असेल किंवा कुणी त्रास देत असेल, तर माणूस थेट तुमच्याकडे येऊ शकतो, आणि हे सोमवारीच सांगायचं. बाईला होणाऱ्या लैंगिक त्रासाच्या तक्रारीसाठी दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने सक्तीचं आहे. आपल्या उदाहरणातल्या युनिटलाही ते लागू होतं.

तुमच्याकडे अजून मॅनेजर नसेल, तरी आजच एक कागद घ्या आणि मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे माझे निर्णय, उजवीकडे तिचे. उजवी बाजू लिहिताना हात अडखळत असेल तर नेमणूक थोडी थांबवा. उजवीकडे काहीच नसलेल्या माणसाला तुम्ही मॅनेजर म्हणाल, पण टीम म्हणणार नाही.

तुमच्या यादीत उजवीकडे काय काय आलं ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत उचलीच्या वहीचा नमुना दाखवणार आहे.